अडीचची मीटिंग

लातुरात क्लासेसच्या भागात शिरलं की वाटतं, अख्ख्या महाराष्ट्राची लेकरं डॉक्टर व्हायला इथंच येऊन पडलीत. भिंतीभिंतीवर टॉपरांचे फोटो, पाठीवर दप्तरं घेतलेली वाळकी पोरं, आणि दर दहा पावलांवर एक खानावळ. त्यातलीच एक शिवलिंगअप्पांची. भाकरी गरम, वरण पातळ, आणि मालक गल्ल्यावर बसायचं सोडून पोरांच्या ताटाशी उभा. "घे की रं अजून एक. उपाशी पोटी फिजिक्स डोक्यात शिरतंय व्हय?" असं म्हणत हा माणूस वाढत सुटायचा, आणि त्याची बायको गौरम्मा चुलीपुढून ओरडायची, "हाव, वाढा! उद्या आपण काय खायचं ते बी वाढा!"

अप्पा किल्लारीकडचे. भूकंपाच्या साली ऐन तरणे होते. ते आणि गणपती बुडवून आलेली बाकी पोरं रात्री चावडीपुढं उघड्यावरच आडवी झाली, म्हणून वाचली. घरात झोपलेले आई, बाप आणि धाकटी बहीण दगडमातीखाली गेले. पुढं लातुरात येऊन त्यांनी भांडी घासली, भाकऱ्या थापायला शिकले, लग्न केलं, खानावळ टाकली. त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. माणूस तोंडानं बडबड्या, पण स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की कुलूप. पाय मोडला असता तरी म्हणाले असते, जरा मुंग्या आल्यात.

त्यांना एकच लेक, अंजू. ही गोष्ट तिची.

अंजूनं बापाच्या खानावळीसमोरच्याच क्लासमध्ये दोन वर्षं घासली. डॉक्टर व्हायचं होतं, झालं नाही. त्या क्लासची शिस्त म्हणजे काय सांगावं! सकाळी सातला शटर खाली. सातच्या पुढं आलेलं पोरगं बाहेर, रस्त्याकडं तोंड करून उभं. एकदा ती अप्पांच्या सायकलवरून येत होती आणि सायकल पंक्चर झाली. पोचेस्तोवर शटर पडलं होतं. अप्पा आत जाऊन हात जोडतील, भांडतील, असं तिला वाटलेलं. त्यांनी तसलं काही केलं नाही. तिच्या शेजारी, रस्त्याकडं तोंड करून, तास संपेपर्यंत स्वतःही उभे राहिले. "त्यांची वेळ हाय बाई. आपुन पोचायचं असतंय, बस्स," एवढंच म्हणाले. दोन वर्षांत अंजू केमिस्ट्री विसरली, पण हे वाक्य तिच्या हाडात मुरलं. वेळ ठरवणारे दुसरे, आपण फक्त पोचायचं.

मग नांदेडच्या कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी केली. ती संपता संपता अप्पांच्या किडन्या गेल्याचं कळलं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. पुण्याला नोकरीला जायचा विचार तिनं मनातल्या मनातच पुरला आणि घरी बसून करण्यासारखं काम शोधलं. जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरातली एक छोटी कंपनी, शाळांसाठी सॉफ्टवेअर करणारी. तिथं इंटर्न म्हणून घेतलं. सहा महिने काम बघू, पटलं तर कायम करू, असं ठरलं. अप्पांनी त्या दिवशी खानावळीत शिरा केला. जेवायला आलेल्या प्रत्येक पोराला सांगितलं, "आमची अंजी जर्मनीच्या हापिसात हाय. हितनंच!"

काम करायची रीत मात्र अंजूला नवी होती. तिच्या वर काट्रिन नावाची बाई, आणि बरोबरीला मारेक, तो पोलंडमधून काम करणारा. तिघांचं रोज सकाळी दहाला व्हिडिओवर बोलणं. सकाळी दहा म्हणजे त्यांच्या सकाळी. इथं तेव्हा दुपारचे दीड. शिवाय दिवस संपताना प्रत्येकानं ग्रुपमध्ये चार ओळी टाकायच्या: आज काय झालं, उद्या काय करणार, आणि कुठं अडलंय. कारण अंजू सकाळी कामाला बसायची तेव्हा तिकडं माणसं झोपेत. कुणाला हाक मारून विचारायची सोय नाही. आदल्या दिवशी लिहून ठेवलं तर दुसऱ्याला त्याच्या सकाळी उत्तर देता येतं. काट्रिननं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, "अडलेलं लपवू नकोस. तू संध्याकाळी लिहिलंस तर मी लगेच बघते. नाही लिहिलंस तर तुझा अख्खा दिवस जातो, आणि मला पत्ताच नसतो."

अंजू मान डोलवायची, आणि तिसऱ्या ओळीत रोज लिहायची: काही नाही. अडलेलं असायचं की! पण क्लासात "समजलं नाही" म्हणून हात वर करणाऱ्याकडं अख्खा वर्ग कसा बघतो ते तिनं बघितलं होतं. आपलं आपण निस्तरायची ती. दुपारी अडलेलं काम दुसऱ्या दिवशी पहाटे उठून करायची, आणि काट्रिनला वाटायचं, पोरगी हुशार आहे, हिला काही अडतच नाही.

एक बरं होतं. दीडची मीटिंग दोनला संपायची. अप्पांना अडीचला डायलिसिसच्या सेंटरवर पोचायचं असायचं. वजन, बीपी झालं की तीनला मशीनवर, ते सातपर्यंत. अंजू लॅपटॉप मिटायची, रिक्षा बोलवायची, अप्पांचा हात धरून बसवायची. सेंटरचा नियम होता, सोबत नातेवाईक असल्याशिवाय पेशंटला मशीनवर घ्यायचं नाही. मग ती चारही तास तिथंच, मांडीवर लॅपटॉप; व्हिडिओपुरती रेंज तिथं नसायची, पण बाकी काम व्हायचं. अप्पा शेजारच्या खाटेवरल्यांना तिची ओळख करून द्यायचे, आणि ती "अप्पा, गप्प बसा ना," म्हणून लाजायची. खरं सांगायचं तर ते दिवस बरे गेले. आजारपणात बरे दिवस असतात, ते संपल्यावर कळतात.

ऑक्टोबर सरता सरता एका सोमवारी अंजू नेहमीसारखी दीडला मीटिंगमध्ये शिरली. कुणीच नव्हतं. ती केस नीट करून, चेहऱ्यावर हसू आणून बसून राहिली. दोन वाजत आले. वाटलं, मला न सांगता बंद केली का मीटिंग? मग कॅलेंडर उघडलं, तर तिथं मीटिंग अडीचला! काट्रिननं बोलावणं जर्मनीच्या वेळेनं टाकलेलं होतं. तिकडं हिवाळ्यापुरतं सगळा देश घड्याळ एक तास मागं घेतो, तसं आदल्या रविवारी घेतलं. त्यांचे दहा दहाच राहिले. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, म्हणून आपल्याकडं मीटिंग तासभर पुढं सरकली. कॅलेंडरानं आपोआप दाखवलं होतं. अंजू मात्र सवयीनं बसली.

तिनं हसत हसत घरात सांगितलं. अप्पांना लई गंमत वाटली. "घड्याळ मागं घेतात? मग वय बी मागं जात असंल तिकडं! अगं गौरा, चल जर्मनीला, तुला पुन्हा नवरी करून आणतो." गौरम्मा म्हणाली, "आधी ते कांदे चिरा." सगळे हसले. आणि हसता हसता अंजूच्या ध्यानात आलं, उद्या मंगळवार. अडीचला मीटिंग, अडीचला सेंटर.

तिचा चेहरा बघून अप्पांनी ओळखलं. "मी जातो की रिक्षानं. लहान हाय व्हय मी? तू क्लास चुकवू नको." मीटिंगला ते क्लासच म्हणायचे.

"पण अप्पा, नातेवाईक लागतो."

"मी बोललोय सिस्टरशी. चालतंय म्हणाली. तू सातला न्यायला ये."

अंजूनं त्या रात्री काट्रिनला लिहायला घेतलं होतं. वडिलांचं डायलिसिस असतं, मंगळवार-शुक्रवार मीटिंग थोडी अलीकडं घेता येईल का? लिहिलं, वाचलं आणि पुसलं. सहा महिने संपायला थोडेच आठवडे उरले होते. आता घरचं रडगाणं गायचं? कायम करायच्या वेळेला त्यांना वाटायचं, हिची तर हजार लफडी. आणि इंटर्ननं मालकाला सांगायचं, तुमची वेळ बदला म्हणून? लोक काय म्हणतील! तिनं बोलावण्यावर होकाराचं बटण दाबलं. त्याच्या शेजारीच दुसरी वेळ सुचवायचं बटण होतं. ते कुणासाठी असतं, हा विचारच तिनं केला नाही.

असं नव्हे की तिला कधी दिसलं नाही. नोव्हेंबरात एका दुपारी मारेकनं ग्रुपवर लिहिलं, उद्या दहाला माझ्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचंय, मीटिंग अर्धा तास पुढं ढकलू या का? काट्रिननं होकाराचा अंगठा टाकला, वेळ बदलली, खेळ खलास. अंजूनं ते वाचलं. मनात आलं, कुत्र्यासाठी? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, अगं तो कायमचा माणूस आहे. तू कोण?

त्यानंतर मंगळवार-शुक्रवार अप्पा एकटे जायला लागले. अंजू अडीचला मीटिंगला बसायची, मग मारेकबरोबर व्हिडिओवरच काम, आणि सातला सेंटरच्या दारात. अप्पा बाकावर तयार बसलेले असायचे. "झालं?" "झालं की." बस, एवढंच बोलणं. घरी आल्यावर गौरम्मा विचारायची, "अंजी होती ना संगं?" आणि अप्पा म्हणायचे, "हाव, होती की." अंजू तोवर आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून त्या चार ओळी लिहीत असायची. गौरम्मा दुपारी ताटं वाढण्यात, घासण्यात बुडालेली. तिला वाटायचं, मीटिंग झाली की पोरगी जाते तिकडं. पोरीला वाटायचं, सिस्टर चालवून घेतात. एका घरात तिघं, आणि तिघांनी एकमेकांना सांभाळायच्या नादात एकमेकांना काही कळू दिलं नाही. प्रेमाची ही आपल्याकडची तऱ्हा! जीव द्यायला तयार, पण तोंड उघडायला तयार नाही.

अप्पांचे पाय सुजायला लागले. "दिवसभर उभा राहतो, सुजणारच." जिना चढताना दम लागायचा. "थंडी हाय." अंजू म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू." ते म्हणाले, "तुझी परीक्षा होऊ दे, मग निवांत." परीक्षा म्हणजे तिनं सहा महिन्यांचं काम सगळ्या कंपनीपुढं दाखवायचं होतं, डिसेंबरातल्या एका शुक्रवारी. त्यावरच कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

दाखवणं झक्कास झालं. काट्रिन म्हणाली, "अंजू, नव्या वर्षापासून तू आमचीच." अंजू सेंटरकडं रिक्षानं नव्हे, पळतच गेली म्हणा ना. अप्पा बाकावर बसले होते, ओठ जरा निळसर दिसत होते. तिनं सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "मनतशा सिस्टर, ऐकलं का? पास झाली." सिस्टर हसली, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. आनंदात होती अंजू. विचारलं नाही.

सोमवारी सकाळी अप्पा खानावळीच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसले होते. एकदम छातीला हात लावला आणि कुशीवर कलले. गौरम्माची किंकाळी ऐकून जेवायला आलेली पोरंच धावली. डॉक्टर व्हायला आलेली ती पोरं, त्यांनीच उचलून रिक्षात घातलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत अप्पांचा हात अंजूच्या हातात होता. आत नेल्यावर डॉक्टरांनी मान हलवली.

त्याच दिवशी जंगमांना बोलावून लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना समाधी दिली. बसल्या बैठकीनं, गळ्यात लिंग, कपाळभर भस्म. क्लासची पोरं दप्तरासकट आली होती. शटरवाल्या क्लासच्या सरांनीही त्या दिवशी पोरांना मोकळं सोडलं म्हणे. अंजू रडली नाही. लोक म्हणाले, घट्ट पोरगी. घट्ट कसली! तिला काही कळतच नव्हतं.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. अप्पांची सेंटरवरची चादर आणि कागद आणायला ती गेली, तेव्हा मनतशा सिस्टरनं तिला आतल्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. सिस्टर लातूरचीच, नई आबादीतली, अप्पांना चाचा म्हणायची आणि अंजूला बाजी, म्हणजे ताई.

"बाजी, एक बात सांगू का? राग नका येऊ देऊ," ती म्हणाली. "चाचा अडीचला यायचे, पण संगं कुणीच नसायचं. मी कशी लावू मशीन? नियम हाय. रोज म्हणायची, घरच्याला बोलवा. ते म्हणायचे, लेक येऊनच राहिलीय. मग चारला मोठे डॉक्टर राऊंडला आले की त्यांच्या सहीवर घ्यायचे. सातला सेंटर बंद. म्हणजे चारच्या जागी तीनच तास. पाणी सगळं निघायचं नाही अंगातलं. सांगितलं मी त्यांना लई वेळा, चाचा, असं चालत न्हाई. म्हणायचे, थोडे दिवस, लेकीची परीक्षा हाय. मी तुम्हाला फोन करते म्हटलं, तर हात जोडले त्यांनी. मी करायला पाहिजे होता. खुदा माफ करो, मी करायला पाहिजे होता."

"रोज एक तास?" अंजूनं विचारलं.

"दोनदा आठवड्यात."

अंजूनं चादर छातीशी धरली आणि तिथंच, परक्या बाईच्या खांद्यावर, पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सिस्टरही रडली.

कंपनीला तिनं फक्त एवढंच कळवलं होतं की वडील वारले. काट्रिनची फुलं आली, सुट्टी हवी तेवढी घे म्हणून लिहिलेलं आलं. दहा-बारा दिवसांनी काट्रिननंच विचारलं, बोलशील का, कामाचं नाही, नुसतं. अंजू बसली. इंग्रजी बोलताना तिला एरवी शब्द शोधावे लागायचे. त्या दिवशी सगळे आपोआप आले.

"आजारी होते का ते?" काट्रिननं विचारलं.

"हो. डायलिसिसवर होते."

"कधीपासून?"

"मी तुमच्याकडं यायच्या आधीपासून."

"तू कधी बोलली नाहीस. त्यांना कोण घेऊन जायचं?"

"मी. मंगळवारी आणि शुक्रवारी. अडीचला."

पडद्यावर त्या बाईनं कुठंतरी बाजूला बघितलं. हिशोब करत असावी, आपले किती आणि यांचे किती. मग तिचा चेहराच उतरला.

"पण अडीचला तर..."

"हो," अंजू म्हणाली. "ऑक्टोबरात तुमचं घड्याळ बदललं तेव्हापासून. आधी दीडला असायची, तेव्हा जमायचं."

"अंजू, मी तर नऊलाच ऑफिसात असते. मारेक त्याच्याही आधी. दहा ही वेळ मी कशीही टाकली होती गं. कुणासाठीच नव्हती ती." काट्रिन रडायला लागली. "तू एक ओळ लिहिली असतीस तर मी तेव्हाच नऊला घेतली असती. मला एक मिनिट लागलं असतं."

इतके आठवडे अंजूला वाटत होतं की आपण एका मोठ्या, बंद दाराशी उभे आहोत, आणि ते ठोठावलं तर सगळं जाईल. दार उघडंच होतं. ते तसलं दारच नव्हतं. बापाचा जीव गेला तो जर्मनीमुळं नाही, घड्याळामुळं नाही, एका न विचारलेल्या साध्या प्रश्नामुळं गेला. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, आणि कुणाला दाखवायची गरजही नव्हती.

काट्रिन रडत होती. रडत रडतच तिनं समोर काहीतरी केलं, आणि अंजूच्या कॅलेंडरात रोजच्या मीटिंगची वेळ बदलली. खरंच मिनिटही लागलं नाही. नव्या वर्षापासून रोज दुपारी दीड.

नव्या वर्षातला पहिला मंगळवार आला. मीटिंग दीडला सुरू झाली, दोनला संपली. अंजूनं लॅपटॉप मिटला आणि ओढणी घेऊन बाहेर आली. गौरम्मा ताटं घासत होती. तिनं मान वर केली.

"कुठं निघाली गं?"

अंजू दारात उभी राहिली. गल्लीत रिक्षावाला नेहमीच्या जागी थांबला होता. तिला बघून त्यानं रिक्षा चालू केली.

"कुठंच न्हाई, अव्वा," ती म्हणाली, आणि त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.